सात माणसं, चौदा त्रिकोण

वारली चित्रात माणसाला चेहरा नसतो, हे आत्याला आधीच सांगायला हवं होतं. पर्वतीच्या पायऱ्यांवर काढलेला आमचा सात जणांचा फोटो माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "माझं नाक तेवढं नीट काढ हं." आत्या, नाक नाही, डोळे नाहीत. डोकं म्हणजे एक गोळा, धड म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण आणि हातपाय म्हणजे रेघा. बाईला डोक्यामागे अंबाड्याचा लहानसा गोळा. आत्याचा तर बॉयकट! अंबाडा दिला नाही, तर तिचा काका होतो. दिला.

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवलं की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. फोटोत मागची रांग पुढच्यांच्या खांद्याआड अर्धी दडलेली असते. वारलीत बहुधा कुणी कुणाआड दडत नाही, त्यामुळे गिरवलं की पांढरा गठ्ठा तयार होतो. म्हणून प्रत्येकाला सुटं केलं. पण सरळ उभे केले की सगळे काडेपेटीतल्या काड्या दिसतात. सगळी गंमत कमरेत, त्रिकोणांची टोकं भिडतात तिथे आहे. वरचा त्रिकोण जरा पुढे झुकवला, एक गुडघा मोडला, की माणूस पायऱ्या चढू लागतो. ए-थ्री कागदावर तिरप्या पायऱ्या, डोकं 1 सेंटीमीटरचं, माणूस सुमारे 7 सेंटीमीटरचा. आजोबांना काठीची एक रेघ दिली आणि ते लगेच ओळखू आले. इतकी वर्षं आम्ही उगाच त्यांच्या मिश्यांकडे बघत होतो.

आता रंग. अप्पा बळवंत चौकातून जाड हातकागद आणला आणि मंडईतून कुंड्यांना लावतात तो गेरू. गेरू नुसता पाण्यात कालवून फासला, तिथेच फसगत झाली. ओला पांढरा ब्रश फिरला की खालचा गेरू उठतो, आणि आजोबा गुलाबी होतात. ही चित्रं मुळात ज्यांवर काढतात, त्या पालघरकडच्या कुडाच्या भिंती ओलावा पितात. आपला कागद तेवढा पीत नाही. चार चमचे गेरूला एक चमचा फेविकॉल घालून दोन हात दिले. वाळल्यावर अंगठा घासून पाहायचा. लाल झाला तर डिंक कमी पडला.

पांढरा म्हणजे भिजवून गंधासारखं बारीक वाटलेले तांदूळ आणि थोडा डिंक. पारंपरिक पद्धतीत टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी वापरतात. मी शून्य नंबरचा ब्रश घेतला. ही पेस्ट ओली असताना जेमतेम दिसते, वाळताना पांढरी होते. तेवढा धीर नसला की माणूस वर दुसरा थर चढवतो, आणि तो जाड थर वाळल्यावर पोपडे धरतो. बाबांचा डावा पाय असाच गेला.

चित्र पाहून आत्याने अंबाड्यावर बोट ठेवलं. "हा काढता येईल का?" पुसला तर गुलाबी डाग, म्हणून वर गेरूचा ठिपका दिला. आता घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, यातले काका कोणते?