मेमु की मनम?

“मराठी घरची आहे, इंग्रजी कॉलेजात शिकतोच. तिसरी भाषा कशाला? मोबाइल भाषांतर करून देतो. नवी भाषा शिकण्यात वर्षं जातात, आणि तीन भाषा डोक्यात भरल्या की आपली मराठीच बिघडते.”

मॅडम आणि मित्रांनो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी मात्र दीड वर्षापासून तेलुगू शिकतोय. (शाळेतली हिंदी धरली तर ही चौथी, पण त्या हिंदीला भाषा म्हणावं की नाही, हे माझे मार्क बघून ठरवा.) माझा वर्ग म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणाऱ्या मित्राचं घर, खाली यंत्रमाग खडखडत असतो.

आधी मोबाइल. मित्र फोनवर कुणाला तरी म्हणाला, “मेमु सिनेमाकि वेळ्तुन्नाम.” इंग्रजीत त्याचं ‘वी आर गोइंग’ होतं. त्याने ‘मनम’ म्हटलं असतं तरी इंग्रजी हेच राहिलं असतं. पण ‘मनम’ म्हणजे आपण, ‘मेमु’ म्हणजे आम्ही. फोनवरचा माणूस सिनेमाला येणार की नाही, ते या एका शब्दावर ठरतं. आपण आणि आम्ही हा फरक मराठीत आहे, तेलुगूत आहे, मधल्या इंग्रजीत नाही. भाषांतर इंग्रजीतून फिरून आलं, की तो तिथेच गळतो. दुकानाची पाटी वाचायला मोबाइल चांगला आहे, मीही वापरतो. लिपी मला अजून अडखळतच वाचता येते.

वर्षं जातात, हे अर्धं खरं. शब्द पाठ करावेच लागतात, त्याला पळवाट नाही. पण वाक्याची घडण पुष्कळदा ओळखीची निघते. ‘नाकु तेलुगु वच्चु’ म्हणजे शब्दशः ‘मला तेलुगू येतं’. जाणारा माणूस नाही, येणारी भाषा, अगदी आपल्यासारखं. उच्चारातही तेच. तेलुगू ‘चाला’, म्हणजे खूप, यातला च आपल्या ‘चमचा’तला आहे, ‘चहा’तला नाही. हे दोन्ही च आपल्या जिभेवर आधीच आहेत, आणि ळसुद्धा.

राहिलं मराठी बिघडणं. गोंधळ होतो, पण माझा झाला तो तेलुगूत. मराठीत आला, आली, आलं असे तीन हिशेब. तेलुगूत पुरुषाला ‘वच्चाडु’, आणि बाई असो, गाय असो की बस, सगळ्यांना ‘वच्चिंदि’. हे कळल्यावर मी खूश. मित्राची आजी बाजारातून आली, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, “नानम्मा वच्चिंदि!” मित्राने कपाळाला हात लावला. घरचा नातू तसं म्हणू शकतो, पाहुण्याने ‘वच्चारु’ म्हणायचं, म्हणजे ‘आजी आल्या’. आजी हसल्या आणि मला विचारलं, “तुझ्या आजीला तू ‘आली’ म्हणतोस की ‘आल्या’?”

मी ‘आली’ म्हणतो. शेजारच्या काकूंना मात्र ‘आल्या’. हा नियम मी आयुष्यभर पाळत होतो आणि मला तो माहीतच नव्हता.