टेबलातलं बल

इंग्रजी पुस्तकाचं मराठी भाषांतर झालेलं असतं, तेव्हा त्यातल्या एका प्रकरणाची द्विभाषिक शब्दसूची करणं म्हणजे काय, दुपारभराचं काम, असं मला दर वेळी वाटतं. इंग्रजी डावीकडे, मराठी उजवीकडे, मधे रेघ. प्रकरण बल आणि गतीचं असेल तर तीसेक शब्द, चहाच्या दोन कपांत आटोपतील असे.

पहिला अडथळा ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ हाच. पुस्तकात स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग. भेद पक्का आहे: ४०० मीटरच्या गोल धावपट्टीवर कोणी १०० सेकंदांत एक फेरी पूर्ण केली, तर सरासरी चाल ४ मीटर प्रति सेकंद आणि सरासरी वेग शून्य, कारण निघालेल्या जागीच परत आल्यामुळे विस्थापन शून्य. पण पुस्तक मिटून रस्त्यावर आलं की पाटी दिसते ‘वेगमर्यादा’. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ती चालमर्यादा हवी. नाहीतर चौकाला वळसा घालून जागच्या जागी आलेल्या रिक्षावाल्याने ‘साहेब, माझा सरासरी वेग शून्य आहे’ म्हटलं, तर पावती कशाची फाडणार? भाषांतरकारही माणूसच. तोही पाटी वाचतच घरी गेलेला असतो, त्यामुळे प्रकरणाच्या उत्तरार्धात गणितातल्या गाडीची ‘चाल’ हळूच ‘वेग’ होते.

अशा वेळी सूचीवाल्याने न्यायाधीश व्हायचं नाही, कारकून व्हायचं. ज्या वाक्यात व्याख्या दिली आहे, तिथला शब्द मुख्य नोंद. बाकीचे ‘पाहा’ म्हणून खाली. आणि शेऱ्याच्या रकान्यात कुठल्या उपशीर्षकाखाली शब्द फिरला ते लिहायचं. पानाचा आकडा लिहू नये, पुढच्या आवृत्तीत पानं सरकतात आणि सूची खोटी ठरते.

‘वर्क’ला ‘कार्य’, ‘काम’ नव्हे. पाण्याची भरलेली बादली हातात धरून तासभर उभे राहिलात तर काम भरपूर झालं, पण बादली हललीच नाही म्हणून तिच्यावर कार्य शून्य. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना हे सांगू नये. म्हणून सूचीत काय घ्यायचं याची माझी कसोटी सोपी आहे: त्या जागी रोजचा समानार्थी शब्द घातला आणि उत्तर चुकलं, तर ती संज्ञा. ‘अनुक्रमे’च्या जागी ‘ओळीने’ घातलं तर काही बिघडत नाही, म्हणून ती सूचीबाहेर.

आता खरं संकट. प्रत्येक संज्ञा कुठे कुठे आली ते शोधायचं असतं. ‘बल’ शोधलं की बलाने, बलाचे सगळे हाती लागतात, मराठी सामान्यरूपाची कृपा. पण त्यांच्याबरोबर रांगेत उभं असतं ‘टेबल’. न्यूटनचं प्रकरण आणि टेबल नाही, असं होत नाही: सगळी पुस्तकं, सगळे ठोकळे टेबलावरच ठेवलेले. ‘टेबलावर’मध्ये तर ‘बलावर’ विभक्तीसकट बसलेलं आहे. मग हुशारी म्हणून पायथॉनमध्ये शब्दाची सीमा सांगणारं चिन्ह लावावं:

```
\bबल
```

तरीही टेबल येतंच. कारण पायथॉनचं `re` मात्रेला अक्षर मानत नाही. ‘टे’वरच्या मात्रेपाशी शब्द संपला असं समजून ते पुढच्या ‘बल’ला नवा शब्द धरतं. उपाय असा:

```
(?<!\S)बल
```

म्हणजे आधी मोकळी जागा किंवा ओळीची सुरुवात असेल तरच घे. टेबल जातं. पण त्याबरोबर ‘घर्षणबल’ही जातं, आणि अवतरणचिन्हात लिहिलेलं बलही. ते हाताने वेचावं लागतं.

‘गती’ची तऱ्हा उलटी. एकटी असताना ती दीर्घ, पण समासात गेली की ऱ्हस्व: गतिज ऊर्जा, गतिमान. ‘गती’ शोधणाऱ्याला यातली एकही सापडत नाही, म्हणून वेलांटी वगळून ‘गत’ शोधावं, आणि ‘गतवर्षी’ आलं तर हसून सोडून द्यावं.

‘ॲरिस्टॉटल’ तर दोन होतात. एक ‘ॲ’ अखंड, U+0972. दुसरा अ वर चंद्र ठेवून बनवलेला. डोळ्यांना सारखेच दिसतात, संगणकाला वेगळी माणसं वाटतात. युनिकोडचं नेहमीचं NFC शुद्धीकरणही त्यांना एक करत नाही. सुरुवातीलाच स्वतः बदलून घ्यावं लागतं.

शेवटी ‘फोर्स’ची ओळ तयार होते. इंग्रजी: फोर्स. मराठी: बल. स्थळ: व्याख्या, दुसरा नियम, सोडवलेली उदाहरणं. शेरा: टेबलं वगळली आहेत.