आईला आम्ही उपाशी मारलं नाही

आज शनिवार, बायोएथिक्सच्या कोर्सचा वर्ग होता. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलेय.

विषय होता, माणूस शेवटाला आल्यावर त्याच्या अन्नपाण्याचं काय करायचं आणि धर्म त्याबद्दल काय सांगतात. आमच्यात एक तरुण डॉक्टर आहे. हुशार मुलगा, मला आवडतो तो. तो उठून म्हणाला, "व्हेंटिलेटरचं मी समजू शकतो. पण नळीतलं अन्न थांबवणं म्हणजे सरळ उपाशी मारणं. कुठलाच धर्म हे मान्य करणार नाही." निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. माझे हातपाय गार पडले. उपाशी मारणं. हाच शब्द मी तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या जिन्यात दादाच्या तोंडून ऐकलाय.

तुमच्यातले कितीतरी जण सहकारनगरच्या घरी आईच्या हातचं जेवलात. तिला अल्झायमर्स होऊन नववं वर्ष चालू होतं. माणसं ओळखणं गेलं, चालणं गेलं, बोलणं गेलं आणि त्या एप्रिलमध्ये गिळणंही गेलं. मऊ भाताचा घास गालात तसाच राहायचा. तिसऱ्या चमच्याला ती ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवायची. मग नाकातून राइल्स ट्यूब घातली. दर दोन तासांनी सिरिंजने पातळ फीड. तिने ती नळी दोनदा उपसली. तिसऱ्यांदा घातल्यावर तिचे दोन्ही हात गॉजच्या बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधले. जिथे आयुष्यभर बांगड्या असायच्या, बरोब्बर तिथेच वळ उठले.

याला तुम्ही जेवण म्हणता? मी नाही म्हणणार. आणि धर्माचं नाव घेऊन तर मुळीच नाही!

धर्म इतके ढोबळ बोलतच नाहीत. सोळाव्या शतकातला स्पेनचा व्हिटोरिया नावाचा कॅथलिक धर्मशास्त्री घ्या. तेव्हा नळ्या नव्हत्या, तरी त्याच्यापुढे प्रश्न हाच होता. त्याने लिहून ठेवलंय की आजाऱ्याची अन्नावरची वासना इतकी उडाली असेल की घास घेणं म्हणजे अतोनात कष्ट, तर त्याने न खाण्यात पाप नाही. ते त्याच्याकडून होण्यासारखंच नाही, असं धरावं. आता तो डॉक्टर म्हणेल की पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2004 मध्ये नळीतल्या अन्नपाण्याला औषधोपचार नव्हे, साधी शुश्रूषा म्हटलं, आणि ते तत्त्वतः दिलंच पाहिजे असं सांगितलं. म्हटलंय, मान्य. पण ते बोलणं होतं वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेल्या, मरणाच्या दारात नसलेल्या रुग्णांबद्दल. आणि त्याच वाक्यात पुढे अट आहे की जोवर त्या अन्नाने पोषण होतंय आणि त्रास कमी होतोय, तोवर. अर्धंच वाक्य घेऊन वर्गात उभं राहायचं नसतं.

आईच्या बाबतीत यातलं काय होत होतं? शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. पोटातलं फीड वर येतं आणि श्वासनलिकेत उतरतं, शिवाय स्वतःची लाळ छातीत जाते ती जातेच. आईचं तेच झालं. रात्री खोकला, सकाळी ताप, छातीत घरघर. शरीर मिटत आलेलं असतं तेव्हा पाणीही पचत नाही, ते पायांवर सूज होऊन साचतं. खाणं थांबलं म्हणून माणूस मरत नसतो, मरणाकडे निघाला म्हणून त्याचं खाणं थांबतं. हे मला जिन्यात उभी असताना कुणीतरी सांगायला हवं होतं.

सल्लेखनेवर, म्हणजे अन्नपाणी सोडत सोडत मरण स्वीकारण्याच्या जैन व्रतावर, मात्र मी आज गप्प बसले, कारण आमच्या जैन मैत्रिणीने ते फार नेमकं मांडलं. आधी जड अन्न सोडायचं, मग दूध-ताक, शेवटी पाणी, आणि तेही इलाज उरला नसेल तेव्हाच. त्या व्रतात दोष कोणते? जगत राहण्याची इच्छा हा एक दोष आणि लवकर मरावं ही इच्छा हाही दोष! मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. राजस्थान हायकोर्टाने 2015 मध्ये याला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपल्या विनोबांनीही पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 नोव्हेंबर 1982 ला गेले. त्यांना उपाशी मारलं असं कुणी म्हणतं का?

हो, माहितेय, विनोबांनी स्वतः ठरवलं होतं. आईने काही ठरवलं नव्हतं, ठरवण्याच्या पलीकडे गेली होती ती. हा मुद्दा खरा आहे आणि तो मला रात्री अजून टोचतो. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे समजत असतानाच लिहून ठेवणं, 2018 पासून कायदेशीर आहे, 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. पण आईला समजत होतं तेव्हा हे काहीच नव्हतं. माझ्याकडे पुरावा एवढाच की तिने ओठ मिटले आणि नळी उपसली. दादा म्हणायचा, "तिला काय कळतंय, रिफ्लेक्स आहे तो." असेलही.

हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानभागचा विषय निघणारच होता. केईएमच्या नर्सेसनी तिला वर्षानुवर्षं कुस्करलेलं अन्न भरवलं, तिला मरू द्या या मागणीला विरोध केला आणि 2011 मध्ये कोर्टाने त्यांचंच ऐकलं. त्या नर्सेसपुढे मी हात जोडते, मनापासून. पण अरुणा तोंडाने घास घेत होती. त्या भरवत होत्या. भरवणं वेगळं आणि हात बांधून ढकलणं वेगळं, मी दुपारपासून एवढंच सांगतेय.

इस्लाममध्ये अन्नपाणी थांबवायला विरोध जास्त आहे, हे वर्गातल्या मुस्लिम सिस्टरनी सांगितलं आणि ते मला मान्य करावं लागलं. पण त्याच पुढे म्हणाल्या, जाणाऱ्याचा घसा कोरडा राहू नये म्हणून आमच्यात थेंब थेंब पाणी देतात. आणि आपल्याकडे? तुळशीपत्र आणि गंगाजल. कुणी गंगाजल नाकातून घालत नाही हो. ओठांना लावतात.

हे लिहिता लिहिता राग उतरला माझा. दादावरचा तर केव्हाच उतरलाय. तापाच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बसवून सगळं समजावलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला आणि त्यानेच गाठी सोडल्या. नखाने, एकेक करून, कारण त्या ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या. नळी काढली आणि आम्ही तिला घरी आणलं. तोंड कोरडं पडू नये म्हणून तासातासाला ओला कापूस फिरवायचो.

वर्ग सुटल्यावर तो डॉक्टर मुलगा माझ्यामागे पार्किंगपर्यंत आला. म्हणाला, "सॉरी काकू, मला माहीत नव्हतं." मग जरा थांबून त्याने विचारलं, "नळी काढल्यावर त्यांनी काही घेतलं का?"

घेतलं. दीड चमचा आंब्याचा रस, दादाच्या हातून. दुसऱ्या चमच्याला अर्ध्यावर तिने ओठ मिटले, आणि दादाने चमचा खाली ठेवला.