फ्रीचे ५०० आणि २०,००० चा टर्नओवर

आमचा भाचा इंदूरला बीकॉमला आहे, भंवरकुआंजवळ रूम घेऊन राहतो. परवाच्या रविवारी रामबागेत आमच्याकडे आला, पोह्यांना हातसुद्धा लावला नाही आणि म्हणाला, मामा, फीचे २३ हजार गेले.

रूममेटने व्हॉट्सॲपवर एका बेटिंग ॲपची लिंक पाठवली होती, माझा कोड टाक, ५०० भर, वर ५०० फ्री. याने भरले, वॉलेटमध्ये १००० दिसले, क्रिकेटच्या दोन बेट लागल्या आणि १४०० झाले. काढायला गेला तर मेसेज आला, टर्नओवर पूर्ण नाही. नियम अगदी खाली बारीक अक्षरांत होता. भरलेले आणि फ्रीचे मिळून जे १०००, त्याच्या २० पट बेट लावल्याशिवाय एक रुपया निघणार नाही. म्हणजे २०,००० च्या बेट!

मी कागद घेऊन त्याच्यासमोर हिशोब मांडला. दोन्ही टीमवर भाव १.९०. दोघांवर शंभर-शंभर लागले की ॲपकडे २०० येतात आणि कोणीही जिंको, परत जातात १९०. म्हणजे दर शंभरामागे ५ रुपये ॲपचे. आता २०,००० वर ५ टक्के काढ म्हटलं. त्याने काढले, १०००. फ्रीचे ५०० आणि त्याचे स्वतःचे ५००, सगळे सरासरीने तिथेच जिरणार हे आधीच ठरलेलं होतं, एखादा नशिबाने वाचेल पण तो पुन्हा खेळेलच ना. पोरगं अकाउंट्स शिकतंय हो, पण हा हिशोब त्याला कोणी दाखवलाच नाही, मला याचंच फार वाईट वाटतं.

बाकी नेहमीचंच. १४०० संपले, ते परत आणायला २००० भरले, मग ५०००, रात्री २ वाजता कुठल्यातरी परदेशी लीगवर बेट. यूपीआयची हिस्ट्री उघडून बघितली तर ॲपचं नाव कुठेच नाही, दर वेळी नवा क्यूआर आणि वेगळ्याच माणसाच्या नावावर पैसे गेलेले. हे दिसलं की समजून जा, भाड्याने घेतलेली खाती आहेत. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, त्यांची जाहिरात करणंही गुन्हा आहे, तरी हे लिंकवरून चालूच आहे. आम्ही तिथूनच सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन लावून तक्रार लिहवली.

मग मी विचारलं, तुझा कोड कोणाकोणाला पाठवलास? तो गप्प. रूममेटही आधीच हरलेला होता, म्हणूनच त्याने याला लिंक पाठवली होती, कारण नवीन मुलाने पैसे भरले की ३०० क्रेडिट मिळतं. आणि यानेही वर्गातल्या सहा जणांना तेच पाठवलं होतं.

माझ्यासमोर बसून एकेकाला फोन लाव म्हटलं. चौघांचे पैसे भरून झाले होते. पाचव्याने ॲप डिलीट केलं. सहावा अजून फोन उचलत नाहीये.