पाच तारीख चुकली की वर्ष बुडालं?

फिरत असलेला मेसेज असा: “पीपीएफमध्ये ५ एप्रिलनंतर पैसे भरले की त्या वर्षाचं व्याज गेलंच. १५ वर्षांत लाखोंचा फटका! व्याज दर महिन्याला मिळतं म्हणतात, पण पासबुकात वर्षभर एक रुपयाही दिसत नाही. आणि ३१ मार्चला भरलेल्या पैशांवर ना सवलत, ना व्याज.”

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पसरतं. नियम एवढाच: दर महिन्याची ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. म्हणजे ५ तारीख चुकली की बुडतो तो एक महिना, आणि तोही नव्याने भरलेल्या रकमेपुरता. आधीच्या शिल्लकेला धक्का लागत नाही.

एप्रिल २०२० पासून लागू झालेला ७.१ टक्के दर धरून पाहा. दीड लाख रुपये ५ एप्रिलपर्यंत भरले, तर वर्षाअखेरीस त्यांच्यावर १०,६५० रुपये व्याज. ६ एप्रिलला भरले, तर ९,७६२ रुपये ५० पैसे. फरक ८८७ रुपये ५० पैसे. हीच चूक सलग १५ वर्षं केली आणि दर तोच राहिला, तर चक्रवाढीसकट नुकसान साडेबावीस हजारांच्या आसपास जातं. टाळता येण्याजोगं आहे, पण ‘लाखो’ नाही.

गंमत म्हणजे दरमहा १२,५०० रुपये भरणारा माणूस प्रत्येक वेळी ५ तारीख चुकवत असेल, तर त्याचंही वर्षाला बरोबर ८८७ रुपये ५० पैसेच जातात. त्यामुळे पगार ७ तारखेला होत असेल, तर पैसे पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत थांबवून ठेवायचं कारण नाही. आज भरले काय आणि पुढच्या ४ तारखेला भरले काय, व्याज तेवढंच; पण हातात राहिलेला पैसा खर्च होतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

आता पासबुक. व्याज दर महिन्याला मोजतात, पण खात्यात जमा करतात आर्थिक वर्ष संपताना, एकदाच. म्हणून एप्रिल ते मार्च जमेच्या रकान्यात फक्त तुम्ही भरलेल्या रकमा दिसतात आणि ३१ मार्चच्या तारखेला व्याजाची एकच मोठी नोंद येते. मधल्या काळात व्याज ‘दिसत नाही’, याचा अर्थ मिळत नाही असा होत नाही. मात्र महिन्याच्या व्याजावर पुढच्या महिन्यात व्याज मिळत नाही. चक्रवाढ वर्षाची आहे.

ती एक नोंद बरोबर आहे का, हे घरी तपासता येतं. समजा १ एप्रिलला शिल्लक ४ लाख आहे. ४ जूनला ५० हजार आणि ९ सप्टेंबरला आणखी ५० हजार जमा झाले. एप्रिल, मे या दोन महिन्यांना ४ लाख धरायचे. जून ते सप्टेंबर चार महिने साडेचार लाख, कारण ९ तारखेचे पैसे सप्टेंबरसाठी मोजले जात नाहीत. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने ५ लाख. साऱ्या महिन्यांच्या शिलकांची बेरीज ५६ लाख. तिला ७.१ ने गुणून १२०० ने भागलं की ३३,१३३ रुपये आणि वर काही पैसे येतात. पासबुकातला आकडा यापेक्षा बराच कमी असेल, तर एखाद्या रकमेची जमा तारीख पुढे गेली आहे का, ते आधी बघा. बहुतेकदा दोष चेकचा निघतो: तुम्ही तो ३ तारखेला टाकलेला असतो, वटलेला असतो ७ ला. ऑनलाइन भरतानाही बचत खात्यातून पैसे कधी गेले हे बघून चालत नाही, पीपीएफ खात्यात कधी पडले ते बघायचं.

काढतानाही ‘सर्वांत कमी शिल्लक’ हाच नियम लागतो, आणि हे कोणी फॉरवर्ड करत नाही. ३० तारखेला काढलेल्या रकमेचं त्या पूर्ण महिन्याचं व्याज जातं. दोन दिवस थांबून १ तारखेला काढली, तर ते वाचतं.

राहिला ३१ मार्च. त्या दिवशी जमा झालेल्या पैशांवर त्या वर्षाचं व्याज नाही, हे खरं. पण जुनी करप्रणाली घेतली असेल तर ८०सी ची वजावट त्याच वर्षी मिळते, आणि एप्रिलपासून त्या रकमेवर व्याजही सुरू होतं. धोका वेगळाच आहे: ३१ ला रात्री पाठवलेले पैसे १ एप्रिलला जमा झाले, तर वजावट पुढच्या वर्षात जाते आणि पुढच्या वर्षाच्या दीड लाखाच्या मर्यादेतून तेवढी रक्कम आधीच वापरली जाते. हे लक्षात न घेता एप्रिलमध्ये पुन्हा पूर्ण दीड लाख भरले, तर मर्यादेवरच्या रकमेवर व्याज मिळत नाही.