उरलेली दोन घनमुळं टाकून दिली तर

«एका संख्येला तीन घनमुळं असतात हे फक्त परीक्षेपुरतं. खरं घनमूळ एकच. बाकीची दोन काल्पनिक, त्यांचा खऱ्या उत्तराशी काही संबंध नाही. पोलर फॉर्म हे क्लासवाल्यांचं फॅड आहे, कोनाला ३ ने भागलं की काम संपलं. पटत नसेल तर −८ चं घनमूळ काढून बघा. कॅल्क्युलेटर −२ सांगतो, पायथन भलतंच काहीतरी सांगतो. चूक कोणाची ते दिसतंच.»

इंदूरच्या मराठी पालकांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज येऊन गेलाय. भंवरकुआंच्या क्लासला जाणारी मुलं तो माझ्याकडे शिकवणीला घेऊन येतात, म्हणून एकदाच नीट उत्तर देतो.

आधी «काही संबंध नाही» हे वाक्य घेऊ, कारण खरी गडबड तिथेच आहे. x³ = 15x + 4 हे समीकरण घ्या. ४ हे त्याचं उत्तर आहे, डोक्यातल्या डोक्यात तपासता येतं: ६४ = ६० + ४. आता हेच पद्धतशीर सोडवू. x = u + v मानलं तर x³ = 3uv·x + (u³ + v³) होतं. म्हणजे uv = 5 आणि u³ + v³ = 4 हवं. दोन घनांची बेरीज ४ आणि गुणाकार १२५, तेव्हा ते t² − 4t + 125 = 0 या वर्गसमीकरणाचे मूळ. सोडवलं की मिळतात 2 + 11i आणि 2 − 11i. इटलीच्या बॉम्बेलीने १५७२ मध्ये छापलेल्या पुस्तकात नेमकं हेच समीकरण घेऊन दाखवलं की 2 + i चा घन 2 + 11i येतो. मग u = 2 + i, v = 2 − i, आणि बेरीज ४.

इथे मेसेज लिहिणारा म्हणेल, मिळालं की उत्तर, आता उरलेली घनमुळं कशाला? तर या समीकरणाला आणखी दोन उत्तरं आहेत, आणि तीही साधी वास्तव संख्या आहेत. ती याच «काल्पनिक» घनमुळांतून येतात.

2 + 11i पोलर रूपात मांडू. मूळबिंदूपासून अंतर √125, कोन सुमारे ७९.७०°. घन करताना अंतराचा घन होतो आणि कोन तिप्पट होतो (द म्वाव्हरचा नियम तो हाच), म्हणून घनमूळ काढताना अंतराचं घनमूळ घ्यायचं, जे √5 आहे, आणि कोन तिसरा हिस्सा करायचा: २६.५७°. हा बिंदू म्हणजेच 2 + i.

पण ७९.७०° ची दिशा आणि एक पूर्ण फेरी मारून आलेली ४३९.७०° ची दिशा एकच आहे. दोन फेऱ्यांनी ७९९.७०° होतात, तीही तीच. भागायच्या आधी हे तीन कोन एकाच रेषेवर पडलेले असतात. ३ ने भागल्यावर मात्र ते वेगळे होतात: २६.५७°, १४६.५७°, २६६.५७°. एका मुलीने मला विचारलं, «सर, मग तिसरी फेरी का नाही मारायची?» मारा की. ११५९.७०° चा तिसरा हिस्सा ३८६.५७° येतो, आणि तो फिरून पुन्हा २६.५७° वरच बसतो. म्हणून घनमुळं तीनच, कमी नाहीत आणि जास्त नाहीत. «३ ने भागलं की काम संपलं» यात फेऱ्या मोजायच्याच राहून गेल्या.

हे आलेखाच्या कागदावर करून बघा. १ एककाला २ सेंटिमीटर असं प्रमाण धरा, कंपासने ४.४७ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, कोनमापकाने तिन्ही कोनांवर खुणा करा. u आणि v एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यामुळे बेरजेत i चा भाग उडतो आणि उरतो आडव्या अंतराच्या दुप्पट आकडा. प्रमाणच दुप्पट घेतल्यामुळे उभ्या अक्षापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजलं की तेच समीकरणाचं उत्तर. पहिली खूण उजवीकडे ४ वर पडते. दुसरी डावीकडे ३.७३ वर. तिसरी खाली, अक्षाला जवळजवळ चिकटून, पण जेमतेम पावणेतीन मिलिमीटर डावीकडे. म्हणजे −३.७३ आणि −०.२७, अचूक लिहायचं तर −2 − √3 आणि −2 + √3. समीकरणात घालून ताळा करा, तिन्ही बसतात.

एका खुणेवरून पुढच्या खुणेवर जाणं म्हणजे १२०° फिरवणं, म्हणजेच ω ने गुणणं. ω = −1/2 + (√3/2)i हे १ चं घनमूळ. 1, ω आणि ω² एकक वर्तुळावर ०°, १२०° आणि २४०° वर बसतात. यांपैकी फक्त १ ठेवून बाकी दोन फेकलीत, तर हातात एकच उत्तर उरतं आणि दोन चांगली वास्तव उत्तरं कचऱ्यात जातात.

एक काळजी घ्यायची. u साठी एक घनमूळ घेतलं की v मनाला येईल तसं घेता येत नाही, uv = 5 जुळायलाच हवं. मुलं तीन गुणिले तीन अशा नऊ जोड्या लावतात आणि त्यातल्या सहा चुकतात. ओळखायला सोपं आहे: बेरजेत i शिल्लक राहिला की जोडी चुकली.

पोलरची गरजच काय, यावर थोडक्यात. बॉम्बेलीचे आकडे मनमिळाऊ होते. ४ च्या जागी ६ करा, x³ = 15x + 6. आता 3 + √116·i चं घनमूळ हवं, आणि इथे अंदाजाने काही हाती लागत नाही. पोलरमध्ये मात्र अंतर तेच √125 राहतं, कोन ७४.४३° येतो, त्याचा तिसरा हिस्सा २४.८१°. 2√5 ला या कोनाच्या कोसाइनने गुणलं की ४.०६. १२०° पुढे −३.६५, आणखी १२०° पुढे −०.४०. तिन्ही उत्तरं वास्तव आहेत, आणि तरीही नुसत्या वास्तव संख्यांची वर्गमुळं-घनमुळं वापरून ती लिहिता येत नाहीत हे सिद्ध झालेलं आहे. त्याला क्लासवाले काय करणार!

राहिला पायथन.

```
>>> (-8)**(1/3)
(1.0000000000000002+1.7320508075688772j)
>>> -8**(1/3)
-2.0
```

−८ चा कोन १८०°, तिसरा हिस्सा ६०°, अंतर २. पायथनने तो बिंदू दिला. 1 + √3i चा घन हाताने करा, बरोबर −८ येतो. शेपटीतला २ एवढ्यासाठी की 1/3 संगणकाच्या द्विमान अंकांत पूर्ण लिहिता येत नाही. कॅल्क्युलेटरचं घनमुळाचं बटण वास्तव संख्यांपुरतं बनवलेलं असतं, तेव्हा ते −२ देतं, आणि तेही बरोबरच. तीन बिंदूंपैकी कोणता उचलायचा, एवढाच दोघांतला फरक. वास्तव फलनाचा आलेख काढायचा असेल तर −२ च घ्यावा, यात मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही.

गंमत दुसऱ्या ओळीत आहे. मेसेजखाली कोणीतरी तीच टाकून लिहिलंय, «कंस काढले की पायथन सुधारतो.» कंस नसले तर पायथन आधी ८ चं घनमूळ काढतो आणि मग पुढे उणे चिकटवतो, −८ ला त्याने हातही लावलेला नसतो. त्याच पद्धतीने -16**(1/2) टाइप करा. उत्तर येईल -4.0, आणि −४ चा वर्ग तर अधिक १६.