भाडेकरार संपला, आधारची पीडीएफ मात्र तिथेच

फ्लॅट सोडताना माणसं किती काटेकोर होतात ते सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी दर मे-जूनमध्ये बघतो. रंगाचे किती पैसे कापले, गिझर कुणी बिघडवला, विजेचं शेवटचं बिल कुणी भरायचं, यावर तास तास वाद होतात. चाव्या मोजून परत दिल्या जातात. पण करारासाठी आधार, पॅन, फोटो आणि ऑफिसचं ओळखपत्र ज्या ज्या फोनमध्ये आणि मेलमध्ये गेलं, तिथून ते परत घ्यायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. अकरा महिन्यांचा करार संपतो, कागद मात्र राहून जातात.

मला हा निव्वळ आळशीपणा वाटत नाही. "असू दे, परत लागेल" हा आपला स्वभाव आहे आणि एके काळी त्याला अर्थही होता, कारण झेरॉक्ससाठी कोपऱ्यापर्यंत जावं लागायचं. आता आधार यूआयडीएआयच्या साइटवरून किंवा डिजिलॉकरमधून दोन मिनिटांत मिळतं. ज्याची ताजी प्रत हवी तेव्हा मिळते, त्याच्या जुन्या प्रती सात ठिकाणी सांभाळण्यात काय शहाणपण?

सात हा आकडा अंदाजाचा नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या इमारतीतून बाहेर पडलेल्या एका मुलाबरोबर बसून आम्ही खरंच शोध घेतला. त्याचा करार जून २०२४ मधला. त्याने आधारचा फोटो काढला, तो गॅलरीत राहिला. गॅलरीतून तो आपोआप गूगल फोटोजवर चढला. एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवला, तेव्हा व्हॉट्सॲपने स्वतःची वेगळी प्रत केली. मालकाला ईमेल केला, तो Sent मध्ये. तोच मेल पुढे सोसायटीला फॉरवर्ड केला, म्हणजे जोडलेली फाइल पुन्हा एकदा. प्रिंट काढायची म्हणून लॅपटॉपवर उतरवला, तो Downloads मध्ये. आणि "सगळं एकत्र असावं" म्हणून ड्राइव्हवर एक फोल्डर. ही फक्त त्याच्याकडची यादी. एजंट, मालक, झेरॉक्सवाला आणि आम्ही, हे वेगळे.

लोक म्हणतात, आधार नंबर कळला म्हणून कुणी खात्यातून पैसे काढत नाही. खरं आहे, नुसत्या नंबराने नाही काढत. माझी काळजी नंबराची नाही, गठ्ठ्याची आहे. भाडेकराराच्या एका मेलमध्ये आधार, पॅन, फोटो, सही आणि चालू पत्ता असं सगळं एकत्र असतं. तुमचा मेल दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याला काही फोडावं लागत नाही. तो शोधपट्टीत aadhaar टाइप करतो, झालं. तुमच्या नावावर सिम किंवा ऑनलाइन कर्ज काढायचा प्रयत्न करायला लागणारं बरंचसं सामान त्याला एका जागी मिळतं.

"पण माझ्या पीडीएफला पासवर्ड आहे!" ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष. आता त्याच मेलमधला भाडेकरार उघडा. पहिल्याच पानावर पूर्ण नाव आणि वय असतं. वयावरून जन्मवर्षाचे दोनच पर्याय उरतात. हे कुलूप किल्लीसकट टांगलेलं आहे.

आता पुसायचं कसं. बहुतेकांचं इथे चुकतं ते असं की ते नावाने शोधतात. जीमेलमध्ये aadhaar टाकतात, दोन मेल सापडतात, ते उडवतात आणि समाधान मानतात. यूआयडीएआयवरून उतरवलेल्या फाइलचं नाव EAadhaar असं सुरू होतं, ती सापडते. पण फोटो काढून पाठवलेल्या आधारचं नाव IMG-20240608-WA0011.jpg असं काहीतरी असतं, नाहीतर नुसतं Scan 3.pdf. मेलच्या विषयात "Documents" किंवा काहीच नाही. म्हणून नावाने नको, कामाने शोधा. करार कधी झाला ते तुम्हाला माहीत आहे. त्या आठवड्यांतले जोडणी असलेले सगळे मेल काढा:

```
in:anywhere has:attachment after:2024/05/15 before:2024/07/01
```

`in:anywhere` एवढ्यासाठी, की साधा शोध ट्रॅश आणि स्पॅममध्ये बघत नाही. त्या मुलाला या एका ओळीने चार मेल जास्त सापडले. त्यातला एक त्याने स्वतःलाच पाठवलेला होता, मोबाइलवरून लॅपटॉपवर फाइल न्यायला. स्वतःला पाठवलेले मेल ही मोठी अडगळीची खोली असते, तिथे जरूर डोकवा.

जीमेलमध्ये एक अडचण आहे. मेल ठेवून नुसती जोडलेली फाइल काढता येत नाही, मेलच उडवावा लागतो. आणि पूर्ण साखळी निवडून डिलीट केलं तर मालकाचं "डिपॉझिट मिळाले" हे उत्तरही जातं, जे तुम्हाला नंतर लागू शकतं. म्हणून साखळी उघडायची, ज्या संदेशात फाइल आहे त्याच्याच उजवीकडच्या तीन टिंबांत जायचं आणि तेवढाच संदेश काढायचा. साध्या उत्तरात जुनी जोडणी पुन्हा येत नाही, फॉरवर्डमध्ये येते, त्यामुळे फॉरवर्ड केलेले संदेश एकेक करून बघावे लागतात. मग ट्रॅश रिकामं करायचं, नाहीतर ३० दिवस सगळं तिथेच असतं.

ड्राइव्हचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. लिंक देऊन शेअर केलेली फाइल तुम्ही ट्रॅशमध्ये टाकली, तरी ट्रॅशमधून कायमची जाईपर्यंत ज्यांच्याकडे लिंक आहे ते ती उघडू शकतात. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोरून गेली, एजंटच्या नाही. आधी शेअरिंग बंद करा, मग फाइल काढा, मग ट्रॅशमधूनही काढा. गूगल फोटोजचं ट्रॅश आणखी लांबलचक आहे. क्लाउडवर चढलेला फोटो तिथे ६० दिवस राहतो.

व्हॉट्सॲपवाला भाग सगळ्यात चिवट. अँड्रॉइडवर तुम्ही पाठवलेल्या फाइलींची प्रत Sent नावाच्या फोल्डरात पडते आणि हे फोल्डर गॅलरीत दिसत नाही. गॅलरी स्वच्छ दिसली म्हणून फोन स्वच्छ झाला असं नाही. फाइल मॅनेजर उघडून या रस्त्याने जावं लागतं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents/Sent
```

फोटोंसाठी शेजारच्या WhatsApp Images मध्ये असाच Sent आहे. फोटोंच्या नावातच तारीख असते, त्यामुळे जून २०२४ शोधणं अवघड नाही. हे झालं की एकदा हाताने बॅकअप घ्या. बॅकअपमध्ये फोटो आणि फाइलीही जात असतील तर जुन्या बॅकअपमध्ये ती प्रत अजून बसलेली असते.

समोरच्याच्या फोनमधलं मात्र तुमच्या हातात नाही. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण दोन दिवसांची, आणि करार संपेपर्यंत महिने उलटलेले असतात. तिथे मागावंच लागतं. डिपॉझिट परत घेताना मालकाला सरळ म्हणावं, "काका, माझ्या आधार-पॅनचे फोटो तेवढे काढून टाका, मीही तुमचे काढलेत." समोर बसून काढतात बहुतेक. एजंट हसतो, पण काढतो. बँकेकडे किंवा मोबाइल कंपनीकडे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. बँकेला ओळखीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावरही पाच वर्षं ठेवावी लागतात, तो कायदाच आहे.

आता सोसायट्यांबद्दल, कारण खरी चीड मला तिथे आहे. बहुतेक सोसायट्यांचा एक जीमेल असतो. कमिटी बदलली की त्याचा पासवर्ड कपाटाच्या चाव्यांबरोबर पुढच्यांना दिला जातो, आणि आधीच्या खजिनदाराच्या मुलाच्या लॅपटॉपवर तो मेल तसाच उघडा राहतो. त्यात कित्येक वर्षांच्या भाडेकरूंची आधारं असतात. माझं मत स्पष्ट आहे: सोसायटीला आधारची प्रत साठवायचं कारणच नाही. कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच, एवढ्यावर आमचं काम भागतं. आधार बघायचं असेल तर बघावं, नाव जुळतंय का ते पाहावं आणि परत द्यावं. आमच्या सभेत यावर कुरकुर झाली, "उद्या काही झालं तर पोलीस आम्हाला विचारतील" म्हणून. पोलिसांकडे त्या माणसाची माहिती आधीच दिलेली असते, त्याचीच तर पोच आपण घेतो. गरज संपली की माहिती पुसावी, हे तत्त्व २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. त्याची बजावणी सोसायटीच्या दारापर्यंत यायची वाट बघायला नको.

हो, आणि कराराचीही एक गोष्ट. ऑनलाइन नोंदणी झालेल्या करारात फोटो आणि अंगठ्याचे ठसेही छापलेले असतात. म्हणजे आधार पुसून करार चार ठिकाणी ठेवला तर काम अर्धंच झालं. करार टाकून देऊ नका, घरभाड्याची करवजावट किंवा डिपॉझिटचा वाद यासाठी तो लागतो. पण एकच प्रत, एकाच जागी, आणि तीही मेलमध्ये नाही.

पुढच्या वेळी पाठवताना मास्क्ड आधार पाठवा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे चालतं तिथे तेच द्या. नोंदणीच्या वेळी पूर्ण नंबर लागला तर एजंटच्या मशीनवर स्वतः टाका. प्रतीवर आडवं "फक्त भाडेकरारासाठी" आणि तारीख लिहायला पेनच लागतं. जुनं काही आधीच फुटलंय का अशी शंका असेल तर संचार साथीच्या साइटवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं, आणि क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात अनोळखी चौकशी किंवा कर्ज दिसलं तर लगेच तक्रार करा.

एक माणूस या सगळ्यात हमखास विसरला जातो, तो म्हणजे साक्षीदार. कराराला दोन साक्षीदार लागतात. ऑफिसमधला मित्र नाहीतर मावसभाऊ "हो रे, पाठवतो" म्हणत आधार पाठवून मोकळा होतो. त्याला ना घर मिळालं, ना डिपॉझिट, पण त्याचं आधार तुमच्या फोनमध्ये आणि एजंटच्या फोनमध्ये पडून आहे. त्या मुलाच्या व्हॉट्सॲपमध्ये असे दोघे सापडले, त्यातल्या एकाशी त्याचं आता बोलणंही नाही. ती दोन्ही आधारं त्याने स्वतःच्या आधी पुसली, आणि दोघांनाही तसं कळवलं.